एका पिनेजवळचा तपकिरी डाग : फोटोवरून बिघाड ओळखण्याचा पाठ



घरातलं एखादं उपकरण बिघडलं की हल्ली पहिलं काम काय होतं? फोटो काढायचा आणि ओळखीच्या कुणाला तरी पाठवायचा : "बघा हो, काय झालं असेल?" मुलंही हे रोज बघतात. या सवयीतून विज्ञानाचा एक चांगला पाठ घेता येतो. दहावीच्या 'विद्युतधारेचे परिणाम' या प्रकरणात H = I²Rt हे सूत्र मुलं पाठ करतात. तेच सूत्र जळक्या प्लगच्या फोटोत दिसतं. पण फोटो कुठपर्यंत बोलतो आणि कुठे गप्प होतो, हेही त्याच पाठात शिकवायला हवं, कारण इथे चुकीच्या अंदाजाची किंमत मोठी असते.

उदाहरण

नवी मुंबईत तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमधला मसाल्याचा एक गाळा डोळ्यांसमोर आणा. बाजार पहाटेच जागा होतो, त्यामुळे पेढीवर चहासाठी घरच्यासारखीच विजेची किटली ठेवलेली असते. किटलीच्या बुडाशी 1500 वॅट, 230 व्होल्ट असं छापलंय. तिचा प्लग जाड पिनांचा, 16 अँपिअरचा. भिंतीवरचं सॉकेटही 16 अँपिअरचंच. शेजारी मिरचीची पोती आणि रिकाम्या बारदानाची थप्पी.

किटली चालते, पाणी नेहमीच्या वेळेत उकळतं. फक्त कधीतरी प्लास्टिक भाजल्याचा वास येतो. प्लग काढून फोटो काढला तर असं दिसतं : वरची मोठी अर्थची पिन स्वच्छ, खालच्या दोन पिनांपैकी एक स्वच्छ, आणि दुसरीच्या बुडाशी पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन किंचित वितळलेलं. वायर मात्र सगळीकडे मऊ आणि एका रंगाची आहे.

बहुतेकांचं पहिलं उत्तर असतं, "लोड जास्त झाला." ते बरोबर आहे का, ते हिशेबाने बघू या.

दोन पिना, एकच धारा

आधी धारा काढू. 1500 भागिले 230, म्हणजे साधारण 6.5 अँपिअर. प्लग आणि सॉकेट 16 अँपिअरचे आहेत, म्हणजे निम्म्यानेसुद्धा भार नाही.

दुसरा मुद्दा मुलांकडूनच काढून घ्यावा. त्यांना विचारा, "एका पिनेतून धारा आत जाते आणि दुसरीतून परत येते. मग दोन्हींतली धारा कमी-जास्त असेल का?" एकसर जोडणी शिकलेला मुलगा लगेच सांगेल, नाही, सारखीच असणार. मग एकच पिन का भाजली? I दोन्हीकडे सारखाच, वेळही सारखाच. उरला फक्त R. म्हणजे भाजलेल्या पिनेच्या जोडात रोध वाढलाय.

हा रोध येतो कुठून? सॉकेटच्या आत पितळेची पात असते, ती पिनेला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखी धरते. वर्षानुवर्षं प्लग घालून-काढून हा चिमटा सैल होतो. मग पिन पूर्ण पृष्ठभागाने न टेकता दोन-तीन ठिपक्यांवरच टेकते. दमट हवेने आणि धुळीने धातूवर पापुद्रा धरला की संपर्क आणखी बिघडतो. किंवा प्लगच्या आत वायर धरणारा स्क्रू ढिला झालेला असतो.

आता आकडे घालून बघू. चांगल्या जोडाचा रोध समजा 0.005 ओहम आहे. P = I²R नुसार तिथे 6.5 × 6.5 × 0.005, म्हणजे सुमारे 0.2 वॅट उष्णता तयार होते. ती कुणाला जाणवतही नाही. जोड सैल होऊन रोध 0.5 ओहम झाला, तर तीच उष्णता सुमारे 21 वॅट होते. डाग देण्याचं साधं सोल्डरिंग आयर्न साधारण 25 वॅटचं असतं. म्हणजे नखाएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या आत, जवळपास एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं झालं. बाजूला बारदान आहे हे विसरू नका.

एमसीबी का पडला नाही?

पालकांचा हा प्रश्न हमखास येतो : "एवढं भाजलं, तर एमसीबी का पडला नाही?"

एमसीबी धारा मोजतो, उष्णता कुठे होतेय ते त्याला कळत नाही. किटलीचा स्वतःचा रोध सुमारे 35 ओहम. त्यात जोडाचा अर्धा ओहम मिळवला तर एकूण रोध वाढतो आणि धारा किंचित कमीच होते. एमसीबीच्या दृष्टीने सगळं ठीक चाललंय. गळती होणारी धारा पकडणारा आरसीसीबीसुद्धा इथे गप्प राहतो, कारण जेवढी धारा जाते तेवढीच परत येते, गळती काहीच नाही. किटलीचं पाणीही वेळेत उकळतं. म्हणजे हा बिघाड सुरुवातीला फक्त डोळ्यांना, नाकाला आणि प्लग हाताला गरम लागल्यावर कळतो. म्हणूनच असा फोटो बारकाईने बघायला शिकणं उपयोगाचं आहे.

फोटोत दिसणाऱ्या तीन खुणा

एक : एकाच पिनेभोवती डाग, बाकी सगळं स्वच्छ. हा सैल जोड. पिनेच्या टोकाकडे काळे खड्डे दिसले तर ठिणग्या सॉकेटमध्ये उडत असाव्यात. डाग पिनेच्या बुडाशी आणि वायरच्या बाजूला जास्त असेल तर प्लगच्या आतल्या स्क्रूवर संशय घ्यावा. पण पितळेतून उष्णता दोन्हीकडे पसरते, त्यामुळे हा दुसरा अंदाज पहिल्याइतका पक्का नसतो.

दोन : दोन्ही पिनांभोवती सारखाच रंग बदललाय आणि वायरही लांबपर्यंत कडक किंवा काळपट झालीय. इथे धारा खरंच जास्त झाली. मोठं उपकरण जोडपिन लावून 6 अँपिअरच्या सॉकेटवर किंवा बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर चालवलं की असं दिसतं.

तीन : प्लग ठीक, पण वायर प्लगमध्ये शिरते तिथे भेग किंवा एकच काळा ठिपका. वारंवार वाकून आतल्या तारा तुटल्या आहेत आणि उरलेल्या दोन-चार तारांवर सगळा भार आलाय.

आपल्या उदाहरणात पहिली खूण आहे.

फोटो कसा काढावा

आधी स्विच बंद करावा, प्लग काढावा, थंड होऊ द्यावा आणि मगच फोटो. प्लग वितळून सॉकेटमध्ये चिकटला असेल तर ओढायचा नाही. एमसीबी बंद करायचा आणि वायरमनला बोलवायचं.

दिवसाच्या उजेडात चार फोटो पुरतात : पिना समोरून, वायर पूर्ण लांबीची, वॅट छापलेली पट्टी, आणि झाकण न उघडता हातभर अंतरावरून सॉकेट. प्लगशेजारी पांढरा कागद ठेवावा. पिवळ्या दिव्याखाली पांढरं प्लास्टिकही तपकिरी दिसतं. कागदही तसाच दिसला तर तो रंग दिव्याचा, डाग नव्हे.

फोटो जिथे गप्प होतो

मुलांनी हे वाक्य वहीत लिहून घ्यावं : फोटो 'बिघाड आहे' असं सांगू शकतो, 'बिघाड नाही' असं कधीच सांगू शकत नाही.

अर्थची पिन फोटोत चकचकीत दिसते. पण तिच्यामागची हिरवी वायर जमिनीपर्यंत पोचलीय की भिंतीतच तुटलीय, हे फोटोत येत नाही. किटली स्टीलची असेल तर जीव त्याच वायरवर अवलंबून असतो.

तसंच, स्विच बंद दिसला म्हणजे सॉकेटच्या आत वीज नाही, असं समजू नये. बोर्डवरचा स्विच सहसा एकच तार तोडतो. जोडणी करताना फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली असेल, तर स्विच बंद असूनही सॉकेटमध्ये फेज जिवंत राहतो. शिवाय स्विचपर्यंत येणारी तार तर त्याच पेटीत कायम जिवंत असते. टेस्टरचा दिवा लागला नाही एवढ्यावरही विसंबू नये. टेस्टर खराब असू शकतो.

म्हणून आपली हद्द अशी ठरवू :

मुलांनी फक्त बघायचं, वास ओळखायचा, मोठ्यांना सांगायचं आणि हिशेब करायचा.

घरातल्या मोठ्यांनी एमसीबी बंद करायचा, उपकरण वापरातून काढायचं आणि त्या सॉकेटवर चिठ्ठी लावायची. प्लग दुरुस्तीला द्यायचा. डागाळलेला प्लग पुसून, घासून पुन्हा वापरायचा नाही.

बोर्ड उघडणं आणि भिंतीतली वायर हे काम वायरमनचं. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांसारख्या वस्तू होत्या तशाच बदलण्याची सूट नियमांत आहे, पण त्यापलीकडचं वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावं लागतं.

आणि वायरमन आला की एक गोष्ट आठवणीने सांगा : नुसता प्लग बदलू नका, सॉकेटही बदला. तापून तापून सॉकेटच्या पातीची ताण धरायची ताकद गेलेली असते. नवा कोरा प्लग त्याच सैल पातीत घातला तर रोध पुन्हा तेवढाच, उष्णता पुन्हा तेवढीच, आणि काही आठवड्यांत तोच डाग दिसतो. पातीच्या मागे सॉकेटला जोडलेली तारसुद्धा भाजलेली असू शकते. ती मागे कापून ताजं टोक घट्ट आवळावं लागतं.

वर्गासाठी

दुरुस्तीच्या दुकानातून टाकून दिलेले तीन-चार जळके प्लग मागून आणा. वायर कापलेली असू द्या, म्हणजे कुणी ते सॉकेटमध्ये घालून बघणार नाही. गटात एकेक प्लग द्या आणि विचारा :

1. डाग किती पिनांजवळ आहे? त्यावरून I वाढला की R?
2. हाच सैल जोड (0.5 ओहम) 1000 वॅटच्या इस्त्रीला असता तर तिथे किती वॅट उष्णता झाली असती?
3. तुमच्या अंदाजातली कोणती गोष्ट हा प्लग बघून सिद्ध होत नाही?

दुसऱ्याचं उत्तर : धारा सुमारे 4.35 अँपिअर, उष्णता सुमारे 9.5 वॅट. वॅट दीडपटीने कमी झाले, पण उष्णता सव्वादोन पटीने कमी झाली, कारण सूत्रात I चा वर्ग आहे. तिसऱ्या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्या. "अर्थिंग आहे की नाही, ते यावरून कळत नाही" असं एखाद्या गटाने आपणहून लिहिलं, तर पाठ पोचला.