प्रश्न कसा विचारायचा? : परदेशी मित्रासाठी मराठीचा एक धडा

आमच्या होस्टेलवर टांझानियाहून आलेला एक मित्र आहे. त्याची मातृभाषा स्वाहिली. इंग्रजी उत्तम. त्याला मराठीत गप्पा मारायच्या नाहीत, कामापुरते प्रश्न विचारता आले की पुरे, असं त्याचं म्हणणं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे व्याकरण म्हटलं की मला आधी इंग्रजीचे नियम आठवतात. पण प्रश्नांच्या बाबतीत ते नियम बाजूला ठेवावे लागतात, कारण मराठीचं गणित वेगळं आहे. आमच्या शिकवणीतले मुद्दे इथे देतो. तुमच्याही विंगमध्ये असा कुणी पाहुणा असेल तर उपयोगी पडतील.

पहिला नियम : प्रश्न म्हणजे गाळलेली जागा

इंग्रजीत प्रश्नाचा शब्द उचलून वाक्याच्या सुरुवातीला न्यावा लागतो. मराठीत तसं नाही. आधी उत्तराचं वाक्य मनात आणायचं. त्यातला जो शब्द माहीत नाही तो खोडायचा आणि त्याच जागी ‘क’चा शब्द बसवायचा. एक वाक्य घेऊ :

दादा शनिवारी एस.टी.ने साताऱ्याला जाणार आहे.

दिवस माहीत नाही? ‘दादा कधी जाणार आहे?’ गाव माहीत नाही? ‘दादा शनिवारी कुठे जाणार आहे?’ वाहन माहीत नाही? ‘दादा साताऱ्याला कशाने जाणार आहे?’ माणूसच माहीत नाही? ‘कोण साताऱ्याला जाणार आहे?’ हा शेवटचा प्रश्न आपण बोलताना बहुधा ‘साताऱ्याला कोण जाणार आहे?’ असा विचारतो, कारण प्रश्नाचा शब्द क्रियापदाजवळ सरकवायची आपल्याला सवय असते. दोन्ही बरोबर.

मित्राला हे चटकन पटलं. स्वाहिलीत ‘उनाक्वेन्दा वापी?’ म्हणजे शब्दशः ‘तू चाललायस कुठे?’. तिथेही ‘कुठे’ आपल्या जागी शेवटीच राहतो.

दुसरा नियम : उत्तराचे कपडे प्रश्नाला

गाळलेल्या शब्दाला जो प्रत्यय किंवा जे लिंग असेल, ते प्रश्नाच्या शब्दाला घालायचं. ‘एस.टी.ने’ मधला ‘ने’ ‘कशाने’ मध्ये आला, तो असा. हा सराव आम्ही मेसच्या टेबलावर केला.

– भाजी कशी आहे?
– तिखट आहे.
– भात कसा आहे?
– जरा कच्चा आहे.
– वरण कसं आहे?
– पातळ आहे, नेहमीसारखं.

‘किती’ मात्र कुणासाठी बदलत नाही : किती पोळ्या, किती भात, किती वरण.

खरी अडचण आली ‘कोण’ आणि ‘कोणी’ची. दोन्हींचा अर्थ त्याला एकच वाटायचा.

– खोलीत कोण आहे?
– अमित आहे.
– कुलूप कोणी लावलं?
– अमितने लावलं.

खूण सोपी आहे. उत्तरात नावाला ‘ने’ लागत असेल तर ‘कोणी’, नसेल तर ‘कोण’. फक्त ही परीक्षा माणसाच्या नावाने करायची, ‘मी’ किंवा ‘तू’ने नाही. ‘मी लावलं’ मध्ये ‘ने’ दिसत नाही आणि शिकणारा फसतो. दारावर टकटक झाली आणि बाहेर कोण ते माहीत नसेल, तर ‘कोण आलंय?’ असं नपुंसकलिंगी विचारायचं. बाहेर मुलगा की मुलगी हे कळायच्या आधीचा तो प्रश्न आहे. आणि ‘कोणी आहे का?’ असं विचारलं तर तिथे ‘कोणी’चा अर्थ ‘एखादा माणूस’ असा होतो.

तिसरा नियम : ‘का’ची जागा सांभाळा

सगळ्यात जास्त गोंधळ या एका अक्षराचा. एकदा मित्राने मेसच्या काकांना विचारलं, ‘काका, जेवण का आहे?’ काका हातातला डाव तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिले. त्याला म्हणायचं होतं, ‘जेवण आहे का?’

वाक्याच्या अगदी शेवटी ‘का’ आला तर उत्तर हो किंवा नाही. क्रियापदाच्या आधी आला तर कारण विचारलं जातं.

– तू येतोस का?
– हो, येतो.
– तो का येत नाही?
– त्याचं सबमिशन आहे.

‘आला का नाहीस?’ मध्येही ‘का’ शेवटी नाही, मागे ‘नाहीस’ आहे, म्हणून तेही कारणच. कान देऊन ऐकलं तर फरक आवाजातही कळतो. कारण विचारताना जोर ‘का’वर पडतो; हो-नाहीच्या प्रश्नात ‘का’ हलका असतो. कोल्हापूर-सांगलीकडची मुलं शेवटी ‘का’च्या जागी ‘काय’ म्हणतात : ‘जेवलास काय?’ त्याचं उत्तर ‘भात-आमटी’ असं द्यायचं नाही, ‘हो’ म्हणायचं.

कारण विचारायला ‘कशाला’ हाही शब्द आहे, पण तो जपून वापरायचा. ‘तुम्ही कशाला आलात?’ म्हटलं की समोरच्याला ‘यायची गरज नव्हती’ असं ऐकू येतं. मोठ्यांना विचारताना ‘का बरं?’ म्हणावं. ‘बरं’मुळे प्रश्नाची धार जाते.

आता सगळं एकत्र : एस.टी. स्टँडवर

हो-नाहीचा प्रश्न सोपा असतो, पण परक्या गावात तो धोक्याचा. गर्दीत अर्धवट ऐकून माणसं ‘हो, हो’ म्हणून मोकळी होतात आणि आपण भलत्याच गाडीत बसतो. म्हणून मित्राला मी सांगितलं, आधी ‘कुठे’ विचार, ‘का’ने खात्री नंतर कर. पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणून चालतच नाही, गावाचं नाव घ्यावंच लागतं. स्टँडवर जायच्या आदल्या रात्री आम्ही हा संवाद पाठ केला. मी कंडक्टर झालो होतो.

– काका, ही गाडी कुठे जाते?
– कराडला.
– साताऱ्याला थांबते का?
– थांबते की.
– कधी सुटते?
– सव्वानऊला.
– साताऱ्याचं तिकीट किती?
– आत बसा, गाडीत देतो.

शेवटच्या प्रश्नाला आकडा मिळाला नाही, हेही मी मुद्दाम ठेवलं. असं झालं तर तोच प्रश्न शांतपणे पुन्हा विचारायचा : ‘पण किती, काका?’ पूर्ण वाक्य लागत नाही. ‘क’चा एकटा शब्दही मराठीत प्रश्न म्हणून पुरतो. त्याला ‘काका’ किंवा ‘मावशी’ जोडलं की तो उद्धटही वाटत नाही.

होस्टेलकरांना एक विनंती. त्याने मराठीत विचारलं की लगेच इंग्रजीत उत्तर देऊ नका. मराठीतच, पूर्ण वाक्यात सांगा : ‘कुलूप अमितने लावलं.’ गाळलेली जागा कशी भरली ते त्याला तिथेच दिसतं, आणि पुढचा प्रश्न तो त्यावरूनच तयार करतो.