आठ सेकंदांत मावेल तेवढंच मागा

मैत्रिणींनो, मागच्या अंकात मोबाईलवर व्हिडिओ कसा काढायचा ते आपण पाहिलं. यावेळी विषय थोडा वेगळा आहे. नुसतं लिहून सांगितलं की व्हिडिओ तयार करून देणारी एआयची साधनं आता बऱ्याच जणींच्या फोनमध्ये आली आहेत. त्यांना जे लिहून सांगायचं त्याला प्रॉम्प्ट म्हणतात, आपण सूचना म्हणू. ही सूचना कशी लिहावी, ते एका कुरडईच्या व्हिडिओवरून समजून घेऊ.

अडचण आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. कुरडईची मागणी वाढते ती श्रावणापासून पुढे, गौरी-गणपतीच्या तोंडावर. पण कुरडया होतात चैत्र-वैशाखात. जाहिरात करायला बसावं तेव्हा बाहेर पाऊस, गच्ची ओली, आणि वाळवणाचं एकही दृश्य हातात नाही. मग गटातली कोणीतरी म्हणते, एआयकडून करून घेऊ. आणि पहिली सूचना साधारण अशी लिहिली जाते:

"गावातील महिला गच्चीवर कुरडया बनवत आहेत, खूप सुंदर व्हिडिओ, 30 सेकंद."

यातून काय येतं? कुरडईऐवजी नूडल्सचा ढीग, एका बाईला सहा बोटं, कॅमेरा गरगर फिरतोय, सगळीकडे सोनेरी धुकं. आणि व्हिडिओ संपतो आठ सेकंदांत. यात साधनाचा दोष आहेच, पण आपण न सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्यानं स्वतःच्या मनानं भरली, हेही खरं.

सुरुवात वेळेपासून करायची. बहुतेक जणी वेळ शेवटी लिहितात, माझ्या मते ती आधी ठरवावी, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. ही साधनं एका वेळी छोटा तुकडाच देतात. गूगलच्या व्हिओ 3 मध्ये एक तुकडा 8 सेकंदांचा मिळतो. सूचनेत 30 लिहिलं म्हणून तो 30 चा होत नाही. किती सेकंद हवेत ते अनेक साधनांत वेगळ्या बटणावर निवडायचं असतं. मग सूचनेत वेळेचं काम काय? त्या आठ सेकंदांत काय घडणार, ते सांगणं.

याची परीक्षा घरीच करता येते. एकीनं तोंडानं एक ते आठ आकडे घड्याळाच्या काट्याबरोबर मोजायचे आणि दुसरीनं तेवढ्यात काम करून दाखवायचं. सोऱ्यात गरम चीक भरणं, दाबणं, कुरडई घालणं, पुढच्या जागी सरकणं, हे आठ आकड्यांत होत नाही. एक कुरडई उचलून उलटी करणं मात्र आरामात होतं. जे आपल्या हातानं त्या वेळात मावत नाही ते सूचनेत लिहिलं, तर साधन कामं एकात एक कोंबतं. चीक थेट वाळलेली कुरडई होतो, हात मधेच गायब होतो. म्हणून एका तुकड्यात एकच क्रिया. आपण कुरडई उलटायची निवडू.

आता विषय, म्हणजे दिसायचं काय. कुरडई हा शब्द लिहून भागत नाही. जगभरच्या व्हिडिओंवरून शिकलेल्या साधनानं कुरडई फारशी पाहिलेली नसते, म्हणून ते नूडल्सकडे धावतं. त्याला नावाऐवजी रूप सांगायचं, जसं आपण कधी कुरडई न पाहिलेल्या माणसाला फोनवर सांगू: बारीक शेवयांसारखे धागे, त्यांचं गोल चपटं वेटोळं, तळहाताएवढं, फिकट पांढरं. आणि बाई पूर्ण दाखवायचा हट्ट सोडा. चार बायका म्हटलं की चार चेहरे आणि आठ हात आले, चुकायला तेवढ्या जागा. एकच हात पुरे. त्याच्यावर हिरव्या काचेच्या बांगड्या सांगितल्या की तो हात आपल्याकडचा वाटतो. जे नको त्याची यादी करण्यात अर्थ नाही. "नूडल्स नकोत" लिहिलं तरी नूडल्स हा शब्द सूचनेत आलाच, आणि बरेचदा तेच हजर होतात. हवं ते लिहा.

कॅमेऱ्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोटाळा "कॅमेरा फिरतो" या दोन शब्दांनी होतो. फिरण्याचे प्रकार वेगळे. जागेवर उभं राहून नुसती मान डावीकडून उजवीकडे वळवली, तर तो पॅन. आपण पायानं पुढे चालत गेलो, तर डॉली-इन. एसटीच्या खिडकीतून शेत सरकताना दिसतं तसं बाजूनं सरकलो, तर ट्रॅकिंग. आणि देवाभोवती प्रदक्षिणा घालतो तसं वस्तूभोवती गेलो, तर ऑर्बिट. कॅमेरा जिथे नाही तिथलं काही आपण सांगितलेलं नसतं. प्रदक्षिणेत मागची बाजू दिसू लागते, ती साधनाला नव्यानं रचावी लागते, आणि तिथेच कुरडया आकार बदलतात, भिंती उगवतात. पुढे जाताना मात्र जे समोर आहे तेच मोठं होतं, नवीन फार काही रचावं लागत नाही. म्हणून नवख्या हातानं सावकाश पुढे जाणारा किंवा अजिबात न हलणारा कॅमेरा मागावा. आणि एका तुकड्यात एकच हालचाल. हात हलणार असेल तर कॅमेरा जवळजवळ शांत ठेवावा.

उजेडाबद्दल लिहिताना "सुंदर", "छान", "आकर्षक" हे शब्द खोडून टाका. उजेडाचं सांगायचं ते तीन गोष्टींत: कुठून येतो, किती तिरपा आहे, कडक आहे की मऊ. दुपारी बाराचं ऊन डोक्यावर असतं, सावली पायाशी गोळा होते, कुरडईचे धागे सपाट दिसतात आणि पांढरं ते सगळं भगभगतं. सकाळी आठचं ऊन बाजूनं तिरपं येतं, प्रत्येक धाग्याची बारीक सावली शेजारच्या धाग्यावर पडते आणि वेटोळं उठून दिसतं. कुरडया आपण पहाटे-सकाळीच घालतो, त्यामुळे हे खोटंही नाही. (पापडाचं वेगळं. पापड मागून येणाऱ्या उजेडात चांगला दिसतो, कारण तो पातळ असल्यानं उजेड आरपार येतो.)

हे सगळं जोडून सूचना अशी होते:

"उन्हाळ्यातली सकाळ, खेड्यातल्या घराची सिमेंटची गच्ची. खाली पांढरं सुती कापड पसरलेलं. कापडावर बारीक शेवयांसारख्या धाग्यांची गोल, चपटी, फिकट पांढरी, तळहाताएवढी वेटोळी ओळीनं वाळत ठेवलेली. मध्यमवयीन भारतीय बाईचा एक हात, हिरव्या काचेच्या बांगड्या घातलेला, उजवीकडून येतो, मधलं एक वेटोळं सावकाश उचलतो, उलटं करून त्याच जागी ठेवतो आणि बाहेर जातो. शेवटचे दोन सेकंद फक्त वेटोळी दिसतात. कॅमेरा जमिनीपासून हातभर उंचीवर, नाकासमोर सरळ, अतिशय सावकाश पुढे जातो. ऊन डावीकडून तिरपं आणि कडक, सावल्या लांब आणि उजवीकडे पडलेल्या. एकच सलग शॉट, 8 सेकंद."

शेवटचे दोन सेकंद मोकळे का ठेवले? त्या जागेवर नंतर गटाचं नाव टाकायचं आहे. साधनाकडून मराठी अक्षरं लिहून घेऊ नका, काना-मात्रा हमखास बिघडतात. नाव, भाव, फोन नंबर हे व्हिडिओ जोडायच्या ॲपमध्ये आपणच लिहायचं.

आलेला तुकडा तीनदा बघा. पहिल्यांदा फक्त हाताकडे: बोटं किती, बांगड्या मधेच कमी होतात का. दुसऱ्यांदा फक्त ओळीकडे: हात समोरून गेल्यावर वेटोळी तेवढीच राहिली का. तिसऱ्यांदा सावल्यांकडे: सगळ्या एकाच बाजूला आहेत का. चूक दिसली की पूर्ण सूचना बदलायचा मोह होतो. तसं करू नका. एका वेळी एकच वाक्य बदला, नाहीतर कशानं सुधारलं ते कळणार नाही. फुकट मिळणारे प्रयत्न मोजकेच असतात आणि पुढे पैसे लागतात, तेव्हा प्रत्येक प्रयत्न वहीत लिहून ठेवा, बचतीच्या हिशोबासारखा. हात तिसऱ्या वेळीही बिघडला, तर हात काढून टाका आणि कापडाचं टोक वाऱ्यानं हलतंय एवढंच मागा.

कोणीच्या फोनमध्ये गेल्या उन्हाळ्यातला वाळवणाचा फोटो असेल तर काम आणखी सोपं. काही साधनांना फोटो देऊन त्यातून व्हिडिओ करून घेता येतो. तेव्हा सूचना छोटी होते. वस्तू, कापड, ऊन सगळं फोटोत आहेच, ते पुन्हा लिहायचं नाही. फक्त काय हलणार आणि कॅमेरा काय करणार तेवढं लिहायचं. फोटोत दुपार असताना सूचनेत सकाळ लिहिली, तर चालू व्हिडिओत उजेडाचा रंग बदलत जातो. शिवाय दिसणारी कुरडई आपलीच असते, हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो.

कारण एक गोष्ट एआयकडून अजिबात करून घ्यायची नाही, ती म्हणजे तळलेली कुरडई. साधन ती ताटाएवढी फुललेली आणि दुधासारखी पांढरी दाखवेल. गिऱ्हाईक तेच बघून पाकीट मागवेल, घरी तळेल, आणि मग फोन आपल्याला येईल. तळण्याचं दृश्य पावसाळ्यातही स्वयंपाकघरात मिळतं. कढई, आपली कुरडई आणि मोबाईल, एवढ्यात होतं. पाकिटाचं आणि गटातल्या बायकांचंही तसंच, ते खरंच काढायचं. यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर खऱ्यासारखा दिसणारा एआयचा व्हिडिओ टाकताना तसं नोंदवायची सोय आहे, ती वापरा. व्हिडिओखाली "वाळवणाचं दृश्य एआयने तयार केलेलं आहे" अशी एक ओळही लिहा.

मग 30 सेकंद असे भरतात: गच्चीचा एआयचा तुकडा 8 सेकंद, कढईत कुरडई फुलते ते मोबाईलवर काढलेलं 10 सेकंद, पाकीट भरणाऱ्या आपल्या ताया 7 सेकंद, आणि शेवटी वजन, भाव आणि फोन नंबर लिहिलेलं पाकीट 5 सेकंद. फोन नंबर वाचून वहीत उतरवायला पाच सेकंद पुरतात का, तेही एकदा आकडे मोजून बघा. पुरत नसतील तर पाकीट भरण्यातले दोन काढून तिकडे द्या.