बाळ झोपलंय, पण कुठे?

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात मी आधी पुण्यात आणि नंतर न्यू जर्सीत नर्स म्हणून काम केलं. पुण्यात कधी न पाहिलेली एक चाचणी इथे माझ्या रोजच्या कामाचा भाग झाली. सदतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला घरी सोडण्याआधी आईवडिलांना त्यांची स्वतःची कारसीट वॉर्डात आणायला सांगतात. बाळाला तिच्यात पट्टे लावून बसवायचं, अंगाला मॉनिटर जोडायचा आणि दीड ते दोन तास नुसतं बघत राहायचं. श्वास वीस सेकंदांहून जास्त थांबतो का, नाडी मंदावते का, रक्तातला ऑक्सिजन उतरतो का, हे टिपायचं. पाळण्यात उताणं असताना ज्याचे आकडे तासन् तास स्थिर असायचे, ते बाळ कारसीटमध्ये डोळा लागल्यावर हळूहळू पुढे झुकायचं आणि आकडा 97 वरून 88 वर यायचा. मान सरळ केली की पुन्हा वर. बाळ ना रडायचं, ना हातपाय झाडायचं. मॉनिटर वाजला नसता तर शेजारी उभं राहूनही मला कळलं नसतं.

पूर्ण दिवसांच्या, गुटगुटीत बाळाला ही चाचणी कोणी करत नाही, आणि तशी गरजही नसते. पण मानेची रचना सगळ्याच तान्ह्यांची सारखी असते. अंगाच्या मानाने डोकं मोठं आणि जड, मान अजून धरलेली नाही, आणि डोक्याचा मागचा भाग फुगीर असल्यामुळे ताठ पाठीला टेकलं की डोकं आपोआप पुढे ढकललं जातं. हनुवटी छातीला लागते. बाळाची श्वासनलिका पेनातल्या रिफिलहून फार रुंद नसते आणि तिची भिंत मऊ असते, त्यामुळे मान दुमडली की ती दबते. मोठा माणूस अशा वेळी झोपेतही डोकं उचलतो. दोन महिन्यांच्या बाळाच्या मानेत ती ताकद नसते, आणि गुदमरल्यावर झोप मोडायची सवयही त्याच्या मेंदूला अजून पुरती लागलेली नसते.

एडिसनमध्ये एका मैत्रिणीकडे मी तिची बाळंतीण लेक आणि नातू बघायला गेले होते. बाळ सात आठवड्यांचं. आई त्याला डॉक्टरांकडून नुकतीच घेऊन आली होती. वाटेत ते झोपलं, म्हणून बादलीसारखी उचलता येणारी ती कारसीट तिने गाडीतल्या बेसवरून काढून तशीच आत आणली आणि दिवाणखान्यात सोफ्यावर ठेवली. पोटाला आवळू नये म्हणून छातीवरची क्लिप सोडली आणि खांद्यांचे पट्टे सैल केले. पायथ्याची बकल तेवढी लागलेली होती. वरून दुपटं. आजीने मला दारातच खूण केली, "हळू बोल गं, आत्ताच लागलाय."

मी दुपटं बाजूला केलं. बाळ सीटमध्ये खाली घसरलं होतं. हनुवटी छातीत रुतलेली, आणि सैल झालेला डावा पट्टा खांद्यावरून सरकून गळ्याच्या खालच्या वळणाशी आलेला. नाकपुड्या दर श्वासाला फुलत होत्या आणि बरगड्यांखाली खळगा पडत होता. आपल्या सावळ्या बाळांच्या ओठांवरून रंग चटकन कळत नाही, म्हणून मी बोटाने खालचा ओठ दुमडून हिरडी पाहिली. ती गुलाबी नव्हती, राखाडी दिसत होती. बकल काढून त्याला उचललं, जमिनीवर सतरंजीवर उताणं ठेवलं, तळपाय चोळले. त्याने एक लांब श्वास घेतला आणि रडायला लागलं. हिरड्यांवर रंग परत आला. आम्ही लगेच त्याच्या डॉक्टरांना फोन केला आणि त्याच दुपारी त्याला तपासून आणलं. बाळ सुखरूप होतं.

"काकू, पण कारसीट तर सुरक्षित म्हणूनच घेतली ना?" तिने विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर असं की कारसीट सुरक्षित असते ती गाडीत, मागच्या सीटवर, मागे तोंड करून, बेसवर नीट बसवलेली आणि पट्टे आवळलेले असताना. बेसवर ती ठरावीक कोनात मागे कललेली असते, म्हणूनच बेसला कोन दाखवणारी खूण असते. तीच सीट सपाट जमिनीवर ठेवली की कोन बदलतो. सोफ्यावर किंवा पलंगावर ठेवली तर मऊ गादीत एका बाजूला कलते, आणि कधी बाळासकट उलटी होऊन त्याचं तोंड गादीत दाबलं जातं. पट्टे सैल केले की बाळ घसरतं आणि पट्टा गळ्याला फास होतो. आराम मिळावा म्हणून आपण जे करतो, नेमका त्यातूनच धोका उभा राहतो. बाळाला पट्ट्यांतून मोकळं करावंसं वाटलं, तर त्याचा अर्थ त्याला सीटमधून पूर्ण बाहेर काढायची वेळ झाली.

हे माझ्या एकटीच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही. अमेरिकेत 2004 ते 2014 या काळात झोपेत दगावलेल्या 11,779 बाळांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास 2019 साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात आला. त्यातली 348 बाळं बसतं ठेवणाऱ्या साधनांत होती, आणि त्यांतली जवळपास दोन तृतीयांश कारसीटमध्ये. कारसीटमधल्या या बाळांपैकी ती सीट सांगितल्याप्रमाणे वापरली गेली होती, अशी दहा टक्केही निघाली नाहीत. बसत्या साधनांतल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक घरातच झाले होते. त्याआधीच्या एका छोट्या अभ्यासात, बाळाला शेवटचं नीट पाहिलं तेव्हापासून ते निपचित सापडेपर्यंतचा सर्वांत कमी वेळ चार मिनिटांचा होता. "मी शेजारीच आहे, बघत असते" हे म्हणणं म्हणूनच पुरेसं नाही. चार मिनिटांत कुकरची एक शिट्टीही होत नाही.

बाउन्सर आणि स्विंग यांचं गणित वेगळं नाही. पाठ कललेली, बूड खोलगट, डोकं वरच्या टोकाला. बाळ जागं असताना, पट्टा लावून, जमिनीवर ठेवून आणि डोळ्यांसमोर असताना थोडा वेळ चालतं. आईला पोळ्या करायच्या असतात, आंघोळ उरकायची असते, हे मला माहीत आहे. डोळे मिटायला लागले की मात्र उचलायचं. खास झोपेसाठी म्हणून विकलेला फिशर-प्राइस कंपनीचा 'रॉक एन प्ले' हा कललेला झोपाळा घराघरांत होता. तीसहून अधिक बाळांचे मृत्यू त्याच्याशी जोडले गेल्यावर एप्रिल 2019 मध्ये सुमारे 47 लाख नग परत मागवले गेले. त्यानंतरच्या तपासण्यांमधून दहा अंशांची मर्यादा पुढे आली. झोपायचा पृष्ठभाग त्याहून जास्त कललेला नको, आणि खरं तर सपाटच हवा. अशी कललेली झोपायची साधनं विकण्यावर अमेरिकेत 2022 साली कायद्याने बंदी आली. तरी जुने नग अजून गराज सेलमध्ये आणि मैत्रिणीने दिलेल्या सामानात येतात. दिलेली वस्तू नको म्हणणं जड जातं, पण ही नको म्हणा.

बाळाचं दूध वर येतं म्हणून डोकं उंच ठेवायचं, हे अनेक आजींच्या आणि काही डॉक्टरांच्याही तोंडून ऐकलं आहे. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका तिच्याखाली असते. वर आलेलं दूध त्यामुळे खालीच परततं. पाजल्यावर वीसेक मिनिटं खांद्यावर उभं धरून ढेकर काढा आणि मग सपाट ठेवा. ज्या बाळाला खरोखर काही विशेष आजार आहे, त्याच्यासाठी डॉक्टर वेगळं सांगतील तर ते पाळावं.

आता झोळीचं. साडीच्या झोळीत मी स्वतः वाढले, आणि त्या मायेबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. पण झोळीत बाळ धनुष्यासारखं वाकतं, मान दुमडते आणि कापड दोन्ही बाजूंनी तोंडाशी येतं. बाळ जागं असताना, हात झोळीवर ठेवून थोडे झोके द्या. रात्रीची झोप तिच्यात नको. बारशाचा लाकडी पाळणा मात्र चांगला, जर तळ सपाट आणि घट्ट असेल, कठड्याच्या फटीत डोकं अडकणार नसेल आणि झोपल्यावर तो झुलता न ठेवता स्थिर करता येत असेल. त्यातली मोहरीची उशी, लोड आणि गोधडीचे थर काढून टाका. डोकं गोल व्हावं म्हणून ती उशी ठेवतात. त्याऐवजी बाळ जागं असताना, कोणी समोर बसलेलं असताना, त्याला पालथं घालून खेळवा.

वेगळा पाळणा घेणं जमत नसेल तर जमिनीवर पातळ, टणक गादी, तिच्यावर ताणून खोचलेली एक चादर, आणि त्यावर एकटं, उताणं बाळ. एवढं पुरतं. आईवडिलांच्या खोलीतच, हाताच्या अंतरावर. थंडी असेल तर वरून पांघरूण न घालता अंगातच एक कपडा जास्त घाला. दुपट्यात गुंडाळायचं तर छातीशी हलकं आणि मांड्यांशी मोकळं. बाळ कुशीवर वळू लागेल असं दिसलं की गुंडाळणं बंद.

खरी अडचण असते ती सीटमधून उचलल्यावर बाळ जागं होण्याची. डोकं आधी खाली गेलं की बाळाला पडल्यासारखं वाटतं, हात फेकले जातात आणि झोप मोडते. म्हणून उचलून आधी छातीशी धरा, दोन मिनिटं थांबा. ठेवताना पाय, मग बूड, मग पाठ आणि सर्वांत शेवटी डोकं टेकवा. एक तळवा छातीवर हलका ठेवून मगच हात काढा. तरी काही वेळा उठेल. उठू द्या.

लांबच्या प्रवासात बाळ कारसीटमध्ये झोपणारच, आणि गाडी चालू असताना त्याला मांडीवर घेणं हा त्याहून कितीतरी मोठा धोका आहे. मुंबई-पुणे असो की न्यू जर्सी-बोस्टन, गाडीत बाळाची जागा कारसीटमध्येच. पट्टे इतके घट्ट की खांद्यावर पट्ट्याची चिमूट धरता येऊ नये. खाली जाड स्वेटर किंवा गुंडाळलेलं दुपटं नको, कारण त्याने पट्टा घट्ट वाटतो पण नसतो. जमलं तर एक मोठं माणूस मागे बाळाशेजारी बसावं आणि हनुवटीखाली बोटभर जागा आहे ना ते बघत राहावं. दोन तासांच्या आत थांबा, नवजात असेल तर त्याहून लवकर, आणि बाळाला बाहेर काढून पाय पसरू द्या. मुक्कामी पोहोचल्यावर बॅगा नंतर, आधी बाळ सीटबाहेर.

ज्याच्या हाती बाळ सोपवता त्याला हे तोंडाने सांगा, गृहीत धरू नका. वर सांगितलेल्या अभ्यासात बसत्या साधनांतले मृत्यू आईवडिलांपेक्षा सांभाळणाऱ्या बाईच्या देखरेखीत झाल्याचं प्रमाण इतर मृत्यूंच्या मानाने जास्त होतं. पाळणाघरात थेट विचारा, "माझं बाळ स्विंगमध्ये झोपलं तर तुम्ही काय करता?" उत्तर "लगेच उचलून पाळण्यात ठेवतो" असंच हवं. गावाहून आलेल्या आजीला विचारायचं नसतं, दाखवायचं असतं. तिच्यासमोर बाळाची मान दुमडून श्वासाचा आवाज कसा बदलतो ते ऐकवायला जाऊ नका. तिला स्वतःची हनुवटी छातीला घट्ट लावून नाकाने खोल श्वास घ्यायला सांगा. माझ्या मैत्रिणीला तेवढंच करायला सांगितलं होतं. तिने दोन श्वास घेतले आणि उठून कारसीट गाडीत नेऊन ठेवली.