चेहरा त्यांचा, उजेड फोटोग्राफरचा

नामवंत माणूस गेला की संध्याकाळीच फोन येतो, ‘दादा, सकाळपर्यंत श्रद्धांजलीचं पोर्ट्रेट हवंय. फोटो गूगलवर ढिगाने आहेत.’ व्यक्तिचित्रांवरच माझं पोट चालतं, त्यामुळे घाई समजते. पण त्या ढिगातल्या प्रत्येक फोटोला धनी असतो. ओळखीच्या एका फोटोग्राफरने मला चौकातला फ्लेक्स दाखवला होता. वरून जलरंगाचा हात फिरवलेला, खाली त्याचाच फोटो. विचारलं तर उत्तर मिळालं, ‘अहो, श्रद्धांजली आहे, धंदा थोडाच?’ फ्लेक्सच्या खालच्या पट्टीत मात्र बिल्डरांच्या जाहिराती होत्या.

अमेरिकेत असंच प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. लिन गोल्डस्मिथने १९८१ मध्ये गायक प्रिन्सचे फोटो काढले. १९८४ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ने त्यातला एक, चित्राला संदर्भ म्हणून, एकदाच वापरायच्या बोलीवर ४०० डॉलरला घेतला. अँडी वॉरहॉलने मासिकाचं चित्र केलं आणि त्याच फोटोवरून आणखी पंधरा. २०१६ मध्ये प्रिन्स गेला, तेव्हा श्रद्धांजली विशेषांकाच्या मुखपृष्ठावर त्यातलं नारिंगी चित्र आलं. वॉरहॉल फाउंडेशनला १०,००० डॉलर मिळाले. गोल्डस्मिथला ना पैसा, ना श्रेय. फोटो आणि चित्र दोन्हीचं काम एकच, मासिकात प्रिन्सचा चेहरा दाखवणं, म्हणून २०२३ मध्ये कोर्टाने गोल्डस्मिथच्या बाजूने कौल दिला.

त्या खटल्यातली एक बारीक गोष्ट मी शिकाऊ मुलांना नेहमी सांगतो. गोल्डस्मिथच्या छत्र्यांचं प्रतिबिंब प्रिन्सच्या डोळ्यांत पडलं होतं आणि ते वॉरहॉलच्या चित्रातही उतरलं होतं. नाकाची ठेवण प्रिन्सची. डोळ्यातला तो ठिपका मात्र फोटोग्राफरने लावलेल्या दिव्याचा. आपलं चित्र फोटोशेजारी ठेवून बघावं: डोळ्यातला ठिपका, नाकाखालची सावली, कपाळावर सुटलेली बट जागच्या जागी जुळली, तर आपण माणूस नाही, फोटो काढलाय. मी वेगवेगळ्या वयाचे, वेगवेगळ्या कोनांतले फोटो समोर ठेवून चेहऱ्याची हाडं समजून घेतो, मग ते सगळे मिटवून खिडकीचा उजेड स्वतः ठरवतो. एकाच फोटोवाचून भागणार नसेल तर फोटोग्राफरला फोन करतो आणि कशावर छापणार, किती प्रती, विक्री आहे का, हे लिहून घेतो. आपल्याकडे फोटोवरचा हक्क फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो.

गेलेल्या माणसाच्या चेहऱ्याबाबत कायदा इतका कडक नाही. सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं, की व्यक्तिमत्त्वाचे हक्क त्या माणसाबरोबरच संपतात. म्हणजे घरच्यांच्या हातात फारसं काही उरत नाही. म्हणूनच अंत्यदर्शनाचे, इस्पितळातले, आजारात खंगलेले फोटो मी संदर्भाला घेतच नाही. नाकात कापूस असलेल्या फोटोवरून ‘डोळे तेवढे उघडे करा’ अशी मागणीही आली होती. ते काम मी परत पाठवलं. दुसऱ्या कुणीतरी ते केलं.