फॉगर सुरू करण्याआधी ओलं फडकं बघा

गोंदियाच्या मे महिन्यात शिमला मिरचीला वाचवणारा फॉगर जुलैत तीच मिरची आजारी पाडतो. आमच्या पॉलिहाऊसमध्ये हे घडलं. उन्हाळ्यात ठेकेदाराने लावून दिलेला टायमर पावसाळ्यातही तसाच चालू राहिला. सकाळी पानं ओलीच असायची. मग त्यांवर जिवाणूजन्य करपा पसरला आणि खालची पानं गळू लागली. औषधं फवारूनही तो आटोक्यात येईना, कारण पानांवरचं पाणी हटतच नव्हतं.

फॉगरचे थेंब हवेत विरताना उष्णता ओढून घेतात. हवा आधीच ओलसर असेल तर ते विरत नाहीत, पानांवर बसतात. आमच्याकडे धानाच्या बांध्या भरल्या की चहूकडून ओलसर हवाच येते.

म्हणून दोन थर्मामीटर घ्या. एकाच्या टोकाला सुती फडकं गुंडाळून ते स्वच्छ पाण्याने ओलं ठेवा. दोन्ही पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर, सावलीत आणि वारा लागेल असे टांगा. फॉगर बंद असताना दोन्हींतला फरक वाचा. मेमधल्या दुपारी हवा ४५ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओलं थर्मामीटर २६ च्या आसपास दाखवतं. म्हणजे गारव्याला भरपूर वाव आहे. जुलैत हवा ३३ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर ओलं थर्मामीटर ३० वर थांबतं. फॉगर कितीही चालवला, तरी तापमान ३० च्या खाली उतरणार नाही. फॅन-पॅडलाही हीच मर्यादा आहे. फरक पाच अंशांहून कमी असेल तेव्हा मी फॉगर बंदच ठेवतो.

मेमध्येही तो थोडा वेळ चालवून थांबवा आणि पान कोरडं झाल्यावरच पुन्हा लावा. त्या वेळी वरची झडप आणि बाजूचे पडदे उघडे हवेत, नाहीतर ओलावा आतच कोंडतो. कीडरोधक जाळीवर धूळ बसली की वारा अडतो. ती धुवत राहा.

शेडनेट प्लास्टिकच्या वर, थोडी जागा सोडून आणि सरकवता येईल अशी बसवा. आत बांधलेली काळी नेट ऊन शोषते आणि ती उष्णता पिकाच्या डोक्यावरच सोडते. पावसाळी ढगात नेट गुंडाळून ठेवा, नाहीतर उजेड कमी पडून झाडं उंच आणि लुकडी वाढतात, फुलं गळतात.

पावसाळ्यात मुख्य काम वाऱ्याचं असतं. पाऊस आत येत नसेल तेवढा वेळ पडदे उघडे ठेवा, दाट फांद्या विरळ करा आणि ड्रिपचं पाणी सकाळी द्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत बेडचा वरचा थर सुकतो. नवं पॉलिहाऊस बांधत असाल आणि पैसा मोजका असेल, तर आधी वरची झडप आणि बाहेरची सरकती नेट करा. फॉगर त्यानंतर घेतला तरी चालतो.