नव्या मॅटचा वास आणि कोपरावरची खाज

प्रश्न : कल्याणला राहते, उंची ५ फूट ७ इंच. नव्या रबरी योगा मॅटचा उग्र वास जात नाही आणि कोपरांना खाज सुटते. मॅट बदलू का?

उत्तर : वास आणि खाज यांचा संबंध असेलच असे नाही. नैसर्गिक रबराला वास असतोच. मॅट पुसून, उलगडून सावलीत वाऱ्यावर टांगा. उन्हात रबर लवकर तडकते. पावसाळ्यात ओली मॅट गुंडाळून ठेवली, तर कुबट वास येतो तो बुरशीचा.

खाज कुठे आणि केव्हा येते, ते पाहा. मॅट टेकते तिथेच, एक-दोन दिवसांनी लाल चट्टे उठत असतील, तर रबर पक्के करताना वापरलेल्या रसायनांची अ‍ॅलर्जी असू शकते. घामोळे मात्र कपड्याखाली, मानेवर, पाठीवरही येते. फुग्यांनी किंवा रबरी हातमोज्यांनी लगेच गांधी उठत असतील, तर रबरी मॅट बंदच करा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

रबर सोसत नसेल, तर टीपीईची मॅट घ्या. तिला वास कमी असतो, पण घामाने ती निसरडी होते. आपल्या दमट हवेत वर सुती पंचा अंथरावा. जाडी ५-६ मिलिमीटर पुरे. १० मिलिमीटरच्या मऊ मॅटवर वृक्षासनात पाय डगमगतो. तुमची उंची १७० सेंटिमीटर, नेहमीची मॅट १७३. शवासनात टाचा काठावर येतील. १८३ची मागा.