‘कोण ताणतं? कांदा?’

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी काम करणाऱ्या एका गृहस्थांचा मुलगा बारावी कॉमर्सला आहे. त्याची आई माझ्याकडे आली, पण मुलगा अभ्यास करत नाही अशी तिची तक्रार नव्हती. ‘सर, रात्री अकरापर्यंत वाचतो. वह्या भरलेल्या आहेत. पण प्रश्न जरा फिरवून आला की कोरा सोडून येतो. सीए व्हायचं म्हणतो. आम्ही हो म्हणावं का?’

मुलाला मी वही घेऊन बोलावलं. त्या आठवड्यात कॉलेजात अर्थशास्त्राचं ‘मागणीची लवचिकता’ हे प्रकरण झालं होतं. व्याख्या, पाच प्रकार, पाचही आकृत्या, एकूण खर्च पद्धतीचा तक्ता, सगळं वहीत नीट उतरवलेलं होतं. वही बघून विचारलं की तो धडाधड सांगायचा. वही मिटून ‘कांद्याची मागणी कमी लवचीक का?’ असं विचारलं, तर ‘जीवनावश्यक वस्तू आहे म्हणून’ एवढ्यावर गाडी थांबायची. वाक्य बरोबर होतं, पण ते पुस्तकाचं होतं.

त्याची धाकटी बहीण पाचवीत आहे, दहा वर्षांची. मी त्याला म्हटलं, ‘हे लेक्चर तिला पाच मिनिटांत समजावायचंय, असं धरून सगळं लिहून काढ. नाटकाची संहिता लिहितात तसं, तू काय बोलशील आणि ती काय विचारेल, दोन्ही.’

हे लिहायची एक पद्धत आहे आणि तिच्यात क्रम महत्त्वाचा आहे. लेक्चर झालं त्याच दिवशी संध्याकाळी, वही बंद ठेवून, एका ओळीत लिहायचं की आजच्या लेक्चरने कोणत्या प्रश्नाचं उत्तर दिलं. प्रकरणाचं नाव हे उत्तर नव्हे. ‘मागणीची लवचिकता’ ही ओळ बाद. ‘भाव बदलला की लोक खरेदी किती बदलतात आणि सगळ्या वस्तूंची सारखीच का बदलत नाहीत?’ ही ओळ चालेल. त्यानंतर जे शब्द संहितेत अजिबात वापरायचे नाहीत, ते कागदाच्या कोपऱ्यात लिहायचे. या मुलाने पाच शब्द लिहिले: मागणी, लवचीक, अलवचीक, टक्केवारी, एकूण खर्च. आता या शब्दांच्या आडोशाला जाता येत नाही. मग दोन पानांत संवाद लिहायचा, आणि समासात जिथे जिथे मूल ‘का?’ म्हणेल तिथे खूण करायची. वही उघडायची ती सगळं लिहून झाल्यावर, आणि तीही अडलेल्या जागेपुरतीच.

त्याच्या पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती: ‘रबर ओढलं की ताणतं, दोरी ओढली की ताणत नाही. काही वस्तू रबरासारख्या असतात, कांदा दोरीसारखा असतो.’ त्याला हे फार आवडलं होतं. खरं सांगायचं तर ऐकताना मलाही बरं वाटलं. रात्री जेवणानंतर त्याने बहिणीला वाचून दाखवलं.

‘दादा, कोण ताणतं? कांदा?’

‘कांदा नाही गं. लोकांची… म्हणजे… मागणी.’ कोपऱ्यातला शब्द तोंडातून निसटला.

‘आणि ओढतं कोण?’

इथे तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी मला सांगताना म्हणाला, ‘सर, ओढणारा कोण हे मला माहीतच नव्हतं.’ ओढतो तो भाव. कमी-जास्त होतात ते घरात येणारे किलो. लवचिकतेत या दोन गोष्टींची जोडी असते, आणि वही भरलेली असूनही या जोडीतली एक बाजू त्याच्या डोक्यात कधी शिरलीच नव्हती. रबराच्या उपमेने उलट तो खड्डा झाकला होता. अशी चटकदार उपमा मुलाच्या लिखाणात पहिल्याच ओळीत आली, तर तिथे बारकाईने बघावं, असा माझा अनुभव आहे.

दुसरा मसुदा त्याने उपमा टाकून आकड्यांवर उभा केला. आकडे त्याने सोयीने धरलेले होते, बाजारभावाचे नव्हेत, आणि ते तसं बहिणीला आधीच सांगितलं. चाळीत दहा घरं. कांदा ४० रुपये किलो असताना प्रत्येक घर आठवड्याला दोन किलो घेतं. म्हणजे २० किलो, ८०० रुपये. कांदा २० रुपयांवर आला. आता आई किती घेईल? बहीण म्हणाली, ‘दोनच. जास्त घेऊन काय करणार, सडेल.’ मग थोडी कांदाभजी वगैरे धरून अडीच किलोवर दोघांचं एकमत झालं. २५ किलो, ५०० रुपये.

ती आकड्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘म्हणजे कांदा जास्त गेला, तरी विकणाऱ्याला पैसे कमी आले?’

त्याच्या वहीतल्या तक्त्यात हीच गोष्ट होती: किंमत घटल्यावर एकूण खर्च घटला, तर मागणी कमी लवचीक. त्याने ती पाठ केली होती. पण घेणाऱ्याच्या खिशातून जे जातं तेच विकणाऱ्याच्या हातात येतं, एकाचा खर्च ती दुसऱ्याची आवक, हे त्या तक्त्यात त्याला कधी दिसलं नव्हतं. वडील पहाटेपासून पन्नास-पन्नास किलोच्या गोणी वाहतात. बाजारात मालाची आवक वाढली की ट्रकांची रांग लागते आणि गावाकडचे शेतकरी हताश होतात, हे तो लहानपणापासून ऐकत आलाय. पीक भरघोस आलं की शेतकऱ्याचे पैसे कमी का होतात, याचं अर्धं उत्तर त्याच्या वहीत पडून होतं.

मग त्याने तोच प्रयोग हापूसवर केला. डझन १००० रुपयांना असताना दहापैकी दोन घरं एकेक डझन घेतात: २००० रुपये. ५०० झाला की सहा घरं घेतात: ३००० रुपये. इथे भाव पडला आणि विकणाऱ्याची आवक वाढली. आता कोपऱ्यातले शब्द परत घ्यायची वेळ आली. कांद्याचा भाव निम्म्याने उतरला, खरेदी पाव हिश्श्याने वाढली: ५० टक्क्यांना २५ टक्के, लवचिकता ०.५, म्हणजे कमी लवचीक. हापूसची खरेदी दोनाची सहा झाली: ५० टक्क्यांना २०० टक्के, लवचिकता ४, म्हणजे जास्त लवचीक. हा परतीचा प्रवास सोडून चालत नाही. पुष्कळ मुलं सोप्या गोष्टीपाशीच थांबतात, आणि परीक्षेत ‘आई भजी करते’ लिहून गुण मिळत नाहीत. साध्या भाषेतल्या प्रत्येक वाक्यासमोर पुस्तकी संज्ञा बसली, की संहिता पूर्ण झाली.

समजलं की नाही, हे कशावरून ओळखायचं? ऐकणाऱ्याने ‘हो, कळलं’ म्हणण्यावरून नाही. लहान मुलं मोठ्या भावाला खूश करायला तसं म्हणतात. बदललेला प्रश्न विचारावा. त्याने विचारलं, ‘मिठाचा भाव निम्मा झाला तर?’ ‘मीठ कोण जास्त खाईल? दुकानदाराला पैसे कमी,’ असं ती न शिकवता म्हणाली, तेव्हा समजावणं पोचलं होतं.

येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग इथे आठवतात. कपड्याची चेन, शिवणयंत्र अशा रोजच्या वस्तू कशा चालतात हे आपल्याला किती समजतं, याला लोकांना स्वतःच गुण द्यायला सांगितलं. मग तेच पायरीपायरीने लिहायला लावलं आणि पुन्हा गुण द्यायला सांगितलं. लिहिल्यानंतर त्यांनी स्वतःला कमी गुण दिले. वस्तू ओळखीची असली की ती समजलीच आहे असं वाटतं. भरलेली वहीसुद्धा अशीच ओळखीची वस्तू असते.

ज्या आईवडिलांचं शिक्षण सातवी-आठवीत सुटलं, ते मला विचारतात की आम्ही मुलाचा अभ्यास कसा तपासणार. ही तपासणी त्यांना पूर्णपणे जमते, विषय येण्याची गरज नाही. मुलगा वाचून दाखवत असताना तीन जागा कान देऊन ऐका. त्याने ‘म्हणजे’ म्हणून पुन्हा तोच शब्द उच्चारला का? ‘ते तसंच असतं’ म्हणाला का? आणि ‘पुस्तकात दिलंय’ म्हणाला का? त्या जागी पेन्सिलने टिंब करा, रागावू नका. वहीत नेमकं काय पुन्हा वाचायचं ते त्या टिंबांवरून ठरतं. या मुलाच्या आईने पहिल्या दिवशी सात टिंबं केली, तिसऱ्या मसुद्याला दोन.

सीएबद्दलचा तिचा प्रश्न मी टाळला नाही. सीए फाउंडेशनला व्यवसाय अर्थशास्त्राचा पेपर बहुपर्यायी प्रश्नांचा असतो आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. तिथले पर्याय एकमेकांसारखे दिसतात. ‘किंमत घटली, एकूण खर्च घटला’ असं उलटसुलट करून विचारलं की पाठांतर डगमगतं. मी तिला म्हटलं, दोन महिने अर्थशास्त्र आणि लेखाशास्त्र या दोन विषयांत आठवड्याला एकेक संकल्पना अशी लिहू द्या, मग टिंबांचे कागद घेऊन या. कुठल्या विषयात तो स्वतःहून तिसरा मसुदा लिहितो, ते बघून आपण बोलू.

रोजच्या प्रत्येक लेक्चरवर हे करायचं नाही. एका संकल्पनेला तास-दीड तास लागतो. नफा-तोटा पत्रक किंवा ताळेबंद यांना हात बसावा लागतो, तिथे गणितं सोडवण्याला पर्याय नाही. घसारा का काढतात हे बहिणीला सांगता येईल, पण तो मांडण्याचा वेग त्यातून येत नाही. कायद्याच्या विषयात व्याख्येतला एकेक शब्द जपावा लागतो, सोपं करताना तोच निसटतो. आणि साधं उदाहरण कुठे संपतं, हे संहितेच्या शेवटी लिहिलंच पाहिजे. चाळीतले ५०० रुपये शेतकऱ्याला मिळत नाहीत. मधे किरकोळ विक्रेता आहे, गाडीभाडं, हमाली, तोलाई आहे, आणि गोणीमागचा हा खर्च भाव निम्मा झाला म्हणून निम्मा होत नाही. त्याने हे लिहिलं नव्हतं. वडिलांनी ऐकून सांगितलं.

बहिणीचा शेवटचा प्रश्न मात्र संहितेत नव्हता. ‘लोक कांदा घेणारच असतील, तर एखाद्या काकांनी ४० लाच विकायचा ना. कशाला कमी करायचा?’

त्याला उत्तर आलं नाही. शनिवारी सकाळी तो वडिलांबरोबर मार्केटला गेला आणि गाळ्यावरच्या मेहताजींना हाच प्रश्न विचारला. मेहताजींनी हिशोबपट्टीवरून मान वर केली आणि पेनाने शेजारच्या गाळ्याकडे खूण केली. घरी येऊन त्याने तिसऱ्या पानावर लिहिलं: ‘सगळ्या बाजाराचा कांदा लोक सोडत नाहीत, पण एका गाळ्याचा लगेच सोडतात. प्रकरण ५, बाजाराचे प्रकार, पूर्ण स्पर्धा. हे अजून शिकवलेलं नाही.’